हातचा घेतलेला महिना

कोड्यांच्या बाईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं त्या केंद्रात कुणीच उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्या एकाच खोलीत बसून मुलांची बौद्धिक चाचणी घेत होत्या. ठोकळे, चित्रं, आकड्यांच्या ओळी, अर्धवट सोडलेल्या गोष्टी. मुलं बाहेर येऊन आईला सांगायची, "त्या बाईंनी मला कोडी घातली." तेच नाव चिकटलं. दारावरच्या पाटीवर वेगळंच काही लिहिलेलं होतं, पण पाटी वाचून आत येणारं मूल विरळाच.

खोली लहान होती. भिंतीला टेकून पत्र्याचं कपाट, मध्ये एक बुटकं टेबल, त्याच्या एका बाजूला मुलांची खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला बाईंची. खिडकीची काच खालून अर्धी पांढऱ्या रंगानं रंगवलेली होती, नाहीतर मुलं बाहेरच्या गाड्या मोजत बसत. घड्याळ मुलांच्या पाठीमागे, बाईंच्या समोर.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी दार वाजलं. आत एक म्हातारे गृहस्थ आले. बारीक अंगकाठी, कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला केंद्राचा अहवाल होता.

"बसा ना आजोबा. मूल कुठंय?"

"मूल आणलं नाही. मुंगीचा आजोबा मी. आईचा बाप."

मुंगी म्हटल्यावर बाईंना लगेच आठवलं. फेब्रुवारीतली मुलगी. घरात तिला मुंगीच म्हणतात असं तिच्या आईनं सांगितलं होतं, कारण ती सगळं हळू करते पण सोडत काही नाही. ठोकळ्यांची नक्षी लावताना वेळ संपल्याचं सांगूनही तिनं शेवटचा ठोकळा बसवला होता, मगच हात मागे घेतला होता. त्या ठोकळ्याचे गुण मिळत नाहीत. बाईंनी ते दिले नव्हते.

अहवालही आठवला. एकूण गुणांक अडुसष्ट. जवळच्या शाळेचा नियम असा की सत्तरच्या खाली गुणांक असेल तर मूल सर्वसाधारण वर्गात बसवायचं नाही, विशेष शाळेकडे पाठवायचं. बाईंनी शिफारसही तशीच लिहिली होती. मुंगीच्या आईनं अहवाल घेताना काही विचारलं नव्हतं. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात होती आणि अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. तिनं फक्त कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

आता आजोबा आलेत म्हणजे रडारड किंवा भांडण, बाईंनी मनाशी ताडलं. दोन्हीची त्यांना सवय होती.

"काय शंका आहे?"

आजोबांनी अहवाल टेबलावर ठेवला आणि पहिल्या पानावरच्या एका ओळीखाली बोट टेकलं. चाचणीच्या दिवशीचं वय: सहा वर्षं, तीन महिने, तेवीस दिवस.

"हे दिवस चुकलेत. तेवीस नाहीत, चोवीस आहेत."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. एका दिवसासाठी हा माणूस दोन बस बदलून आला होता.

"तुम्ही काय करत होता आजोबा? नोकरी?"

"तुरुंगात होतो." आजोबा जरा थांबले. हे वाक्य असं टाकायची त्यांना सवय असावी. "कारकून. एकतीस वर्षं. शिक्षा कधी सुरू झाली, किती भोगली, माफीचे दिवस किती, सुटकेची तारीख कुठली, हे काढायचं. वर्षं, महिने आणि दिवस. त्यामुळे कागदावर तीन आकडे असे शेजारी शेजारी दिसले की माझं बोट आपोआप चालायला लागतं."

"मग तुमचा चोवीस कसा आला?"

"नोव्हेंबरची एकोणीस तारीख तिच्या जन्माची. दर महिन्याच्या एकोणीसला एक महिना पुरा. जानेवारीच्या एकोणीसला शेवटचा पुरा झाला. तिथून जानेवारी संपेपर्यंत बारा दिवस, कारण जानेवारी एकतीसचा. पुढे फेब्रुवारीचे बारा. चोवीस."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "कॅलेंडरनं चोवीसच. पण आमच्या चाचणीचा नियम वेगळा आहे. आम्ही प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरतो. जानेवारी असो, फेब्रुवारी असो. सगळ्या मुलांना एकच माप लागावं म्हणून पुस्तकातच तसं ठरवून दिलंय. त्यामुळे एखादा दिवस इकडे तिकडे होतो. त्यानं काही बिघडत नाही, कारण दिवस आम्ही नुसते लिहितो. गुण बघायला पुरे झालेले महिने धरतो. एकोणतीस दिवस झाले असले तरी वरचा महिना धरायचा नाही."

"असं होय. तीसचा महिना. आमच्याकडे असं केलं असतं तर दंगल झाली असती." आजोबांनी मान डोलावली. "पण मला जरा करून दाखवता का? कसं करता ते. समजलं म्हणजे घरी सांगता येईल."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पुढचं मूल यायला पंचवीस मिनिटं होती. त्यांनी एक कोरा कागद ओढला. पालकांना समजावताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा, शब्द सुटे सुटे यायचे. तसाच आताही झाला.

"हे बघा. वर चाचणीची तारीख लिहायची, उलट्या क्रमानं. वर्ष, महिना, दिवस. दोन हजार पंचवीस, दोन, बारा. खाली जन्मतारीख. दोन हजार अठरा, अकरा, एकोणीस. आता दिवसांपासून वजाबाकी. बारातून एकोणीस जात नाहीत. मग महिन्याकडून एक हातचा घ्यायचा. एक महिना म्हणजे तीस दिवस. बारा आणि तीस बेचाळीस. बेचाळीसातून एकोणीस गेले, राहिले तेवीस. आले ना आमचे तेवीस?"

"आले."

"आता महिने. एक महिना दिला म्हणून दोनाचा राहिला एक. एकातून अकरा जात नाहीत. मग वर्षाकडून एक घ्यायचं, म्हणजे बारा महिने. एक आणि बारा तेरा. तेरातून अकरा..."

बाईंचं पेन थांबलं.

खोलीत पंख्याचा आवाज होता, तो आता जास्त ऐकू यायला लागला. बाईंनी पुन्हा वरून खाली पाहिलं. तेरातून अकरा गेले, राहिले दोन. त्यांनी दोन लिहिला. शेजारी अहवालात तीन होता.

त्या उठल्या, कपाट उघडलं आणि फेब्रुवारीच्या गठ्ठ्यातून मुंगीची मूळ उत्तरपत्रिका काढली. उजव्या कोपऱ्यात वयाची चौकट होती. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच पेन्सिलीनं. दिवसांच्या रकान्यात बाराच्या डोक्यावर बेचाळीस. महिन्यांच्या रकान्यात दोनाच्या डोक्यावर चौदा. हातचा घेतला होता, पण ज्याच्याकडून घेतला त्याचा एक कमी करायचा राहिला होता. चौदातून अकरा गेले, तीन.

सहा वर्षं, दोन महिने, तेवीस दिवस. मुंगीचं वय एवढं होतं. कागदावर ती एक महिन्यानं मोठी झाली होती.

"तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या. आवाजातला मऊपणा गेला होता.

"होतं."

"मग मला सरळ का नाही सांगितलं? दिवस-दिवस करत बसलात."

आजोबांनी खिशातलं एक पेन काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. "बाई, राग मानू नका. मी सरळ महिना चुकला म्हणालो असतो, तर तुम्ही म्हणाला असता, संगणक बघतो, पुस्तक बघतो, तुम्ही काळजी करू नका. लोक म्हणतातच. मीही म्हणायचो. माणसाला दुसऱ्यानं दाखवलेली चूक दिसत नाही, स्वतः करताना सापडलेली दिसते. मला माझ्या वरच्या साहेबानं असंच शिकवलं. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका कैद्याची उरलेली शिक्षा मी काढली आणि हेच केलं, अगदी हेच. हातचा घेतला आणि कमी केला नाही. त्याचा एक महिना वाढला. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, जरा मोठ्यानं करून दाखव."

"मग?"

"तोवर तो माणूस एकोणीस दिवस जास्त बसून झाला होता. त्याला ठाऊक होतं. त्यानं त्याचा त्याचा हिशोब ठेवला होता. मी विचारलं, बोलला का नाहीस? तर म्हणाला, मला वाटलं काहीतरी नवीन लावलं असेल माझ्यावर." आजोबांनी अहवालाकडे बोट केलं. "मुंगीची आईपण तसंच म्हणाली. मोठ्या केंद्राचा कागद आहे, त्यांनी काहीतरी बघूनच लिहिलं असेल."

बाईंनी कपाटाच्या वरच्या फळीवरून कोष्टकांचं जाड पुस्तक काढलं. पान दोनदा चुकीचं उघडलं. त्या पुस्तकात वयाप्रमाणे पानं होती, तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांची. सहा वर्षं शून्य महिन्यांपासून सहा वर्षं दोन महिन्यांपर्यंत एक पान. सहा वर्षं तीन महिन्यांपासून पाच महिन्यांपर्यंत पुढचं. मुलानं जेवढी उत्तरं बरोबर दिली तेवढीच, पण मूल ज्या पानावर पडेल त्या पानावरच्या मुलांशी त्याची तुलना व्हायची. पुढचं पान मोठ्या मुलांचं, म्हणजे तीच उत्तरं तिथे कमी भरायची. मुंगी आपल्या पानाच्या अगदी काठावर होती, आणि बाईंनी तिला पलीकडच्या पानावर ढकललं होतं.

त्यांनी सगळे उपगुण, म्हणजे चाचणीच्या एकेका भागाचे गुण, नव्यानं काढले. दोन जागी काहीच बदललं नाही. चार जागी एकेक गुण वाढला. बेरीज करून एकूण गुणांक पाहिला. बहात्तर.

त्यांनी बेरीज पुन्हा केली. मग कागद आजोबांकडे फिरवला आणि म्हणाल्या, "तुम्ही करा एकदा."

आजोबांनी केली. त्यांचे ओठ हलत होते. "बहात्तरच."

"माझी चूक आहे," बाई म्हणाल्या. "मी दुरुस्त अहवाल देते. आज लगेच देता येणार नाही, प्रमुख डॉक्टरांची सही लागते. उद्या दुपारी."

"बहात्तर म्हणजे शाळेत घेतील?"

"नियमात बसतंय. पण आजोबा, एक स्पष्ट सांगते. बहात्तर आले म्हणून तिचं शिकणं सोपं होणार नाही. तिला वेळ लागेल. मदत लागेल."

"ते तर आम्हाला माहीतच आहे की." आजोबा उठले. "मुंगी आहे ती. ससा करा असं कोण म्हणतंय?"

प्रमुख डॉक्टर वाईट माणूस नव्हते. वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती, टेबलावर फायलींचे दोन ढीग, त्यांच्या मधल्या फटीतून ते बोलायचे. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं.

"अडुसष्ट काय आणि बहात्तर काय," ते म्हणाले. "या चाचणीत चार-पाच गुण इकडे तिकडे होतातच, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय. वर्षभरानं पुन्हा चाचणी घेऊ, तेव्हा खरं काय ते कळेल."

"होतातच. पण शाळेनं सत्तरावर रेघ मारलीय, आणि शाळा दोन महिन्यांनी सुरू होतेय. वर्षभर मुलगी दुसरीकडे बसली की तिला परत कोण आणणार?"

"बरं, द्या दुरुस्त करून. टंकलेखनातली चूक असं लिहा खाली."

"टंकलेखनातली नाहीये. माझी आहे."

डॉक्टरांनी फायलींवरून मान उंच केली. "बाई, तुम्हाला चार वर्षं राहिलीत निवृत्तीला. एकदा लेखी दिलंत की वयच चुकतं म्हणून, तर तुमचा प्रत्येक अहवाल लोक उचलून आणतील."

"आणू देत. तेच म्हणायला आले होते. मला जुने अहवाल तपासायचेत."

"किती जुने?"

"गणितं संगणकावरून काढून हातानं करायला लागलो तेव्हापासून. तो संगणक बंद पडला त्याला दोन वर्षं झाली."

डॉक्टरांनी डोळे मिटून कपाळ चोळलं. मग हात पुढे करून कागद मागितला. दुरुस्तीच्या कारणापुढे बाईंनी लिहिलं होतं: वय काढताना झालेली वजाबाकीची चूक. डॉक्टरांनी ते वाचलं आणि खाली सही केली. "तपासा," एवढंच म्हणाले.

पण दुरुस्त अहवाल आणि शाळेसाठी बाईंचं पत्र हातात आलं म्हणून काम झालं असं नव्हतं. दोन दिवसांनी आजोबांचा फोन आला. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी कागद ठेवून घेतला, पण म्हणाल्या, फेब्रुवारीत अडुसष्ट, आता बहात्तर, पुढच्या महिन्यात ऐंशी आणाल. प्रवेशाची यादी लागली आहे.

"मी येते," बाई म्हणाल्या.

शाळेचं कार्यालय जिन्याखाली होतं. बाकावर आजोबा, मुंगीची आई आणि दोघांच्या मध्ये मुंगी बसली होती. मुंगीनं बाईंना ओळखलं. "आज कोडी आणलीत?" तिनं विचारलं.

"आज नाही. आज मोठ्या माणसांना घालायचीयत."

मुख्याध्यापिका पन्नाशीच्या होत्या, चष्म्याची दोरी मानेभोवती. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, पण सूर थंडच होता. "मला सांगा, एखादं केंद्र पालकांच्या म्हणण्यावरून गुणांक बदलायला लागलं तर आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा?"

"गुणांक बदलला नाही. वय बदललं. म्हणजे वय होतं तेच आहे, मी चुकीचं काढलं होतं. उत्तरपत्रिका आणलीय. तुम्हीच बघा."

बाईंनी मूळ उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली, पेन्सिलीच्या चौदासकट. ती त्यांनी खोडली नव्हती. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावला. त्या पूर्वी गणित शिकवायच्या हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त बाईंना नव्हतं. त्यांनी कागदाच्या मागे दोन्ही तारखा मांडल्या. बारातून एकोणीस. हातचा. दोनाचा एक. पुन्हा हातचा. तेरातून अकरा. त्यांच्या पेनाचा वेग बाईंच्या दुप्पट होता.

"सहा, दोन, तेवीस," त्या म्हणाल्या. "हे तर तिसरीतलं गणित आहे."

"हो," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिका थोडा वेळ त्या चौदाकडेच बघत राहिल्या. "तिसरीतली निम्मी मुलं इथेच चुकतात. हातचा घेतात आणि विसरतात. मी कितीदा सांगायची, ज्याच्याकडून घेतलं त्याच्या डोक्यावर काट मारा." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही स्वतः कशाला आलात? पत्र दिलं असतं तरी चाललं असतं."

"पत्र दिलं होतं. चाललं नाही."

मुंगीची आई खाली मान घालून हसली. मुख्याध्यापिकांनाही हसू फुटलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं. मग त्यांनी मुंगीला जवळ बोलावलं, समोर एक कागद ठेवला आणि तिला तिचं नाव लिहायला सांगितलं. मुंगीनं पेन्सिल घेतली, टोक पाहिलं, टोक पुरेसं नाही असं ठरवून शार्पनर मागितलं. टोक केलं. भुसा हातात गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग लिहायला लागली. या सगळ्याला तीन-चार मिनिटं गेली.  आईनं तोवर पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

नाव बरोबर होतं. एक अक्षर उलटं होतं, ते मुंगीनं स्वतःच पाहिलं, खोडलं आणि सुलटं केलं.

"घेते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पण पहिल्या सहामाहीनंतर पुन्हा बघणार. जमत नसेल तर मी सांगेन, आणि तेव्हा तुम्ही कुणी कागद घेऊन यायचं नाही. कबूल?"

"कबूल," आजोबा म्हणाले.  आईनं मुंगीच्या हाताला लागलेला शाईचा डाग पुसला. डाग नव्हताच.

बाईंनी दोन वर्षांचे अहवाल तपासायला घेतले. दोनशे चौदा निघाले. दुपारी मुलं नसायची त्या वेळात त्या रोज दहा-बारा काढायच्या. चाचणीच्या तारखेचा दिवस जन्माच्या दिवसाहून मोठा असेल तिथे महिन्याकडून हातचा घ्यायचा प्रश्नच नव्हता, ते बाजूला. उरले सत्त्याण्णव. केंद्राच्या स्वागतकक्षात बसणाऱ्या मुलीला त्यांनी बरोबर घेतलं. दोघींनी एकमेकींचा कागद न बघता वजाबाकी करायची आणि मग जुळवायची. जिथे चाचणी दोन दिवस चालली होती तिथे पहिल्या दिवसाची तारीख धरली आहे ना, तेही बघायचं.

आणखी दोन चुका सापडल्या. दोन्ही बाईंच्याच, आणि दोन्ही तशाच. पहिल्या मुलीचं वय एक महिन्यानं वाढलं होतं, पण खरं वय आणि चुकलेलं वय एकाच पानावर पडत होतं. गुण तेच राहिले. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच त्याची लाजही वाटली.

दुसऱ्या मुलाचं पान बदलत होतं. एकोणसत्तरचे एकाहत्तर झाले. त्याचं वय चाचणीच्या वेळी नऊ वर्षं होतं आणि तो सोळा महिन्यांपासून विशेष शाळेत जात होता.

बाईंनी त्याच्या आईला फोन लावला. काय सांगायचं ते त्यांनी आधी कागदावर लिहून ठेवलं होतं, पण फोन उचलल्यावर कागदाकडे न बघताच सगळं सांगितलं.  पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"म्हणजे त्याला तिकडे पाठवायचंच नव्हतं?" आई म्हणाली.

"त्या वेळचा नियम लावला तर नाही."

"त्या वेळी मी आठ दिवस जेवले नव्हते. तुम्हाला माहितीये?"

"नाही."

"आता तो तिथे रमलाय. त्याला तिथल्या एक बाई फार आवडतात. सुतारकाम शिकवतात, खुर्ची केलीय त्यानं, बसता येते तिच्यावर. आता मी काय करू, सांगा तुम्ही."

 बाईंनी एवढंच म्हटलं की पुन्हा चाचणी विनामूल्य घेऊ, कधीही, आणि दोन माणसं वय तपासतील, आणि निर्णय तुमचा. आईनं विचार करते म्हणून फोन ठेवला. आभार मानले नाहीत, आणि बाईंनाही ते मानायला हवे होते असं वाटलं नाही. दीड महिन्यानं ती मुलाला घेऊन आली. आपल्याला त्याच शाळेत राहायचंय हे मुलानं खोलीत पाऊल टाकायच्या आधीच जाहीर केलं. चाचणी झाली, अहवाल झाला. आईनं तो व्यवस्थित पिशवीत ठेवला आणि मुलाला त्याच शाळेत ठेवलं. पण आता ते तिनं ठरवलं होतं. जाताना ती बाईंना म्हणाली, "येते."

त्या वर्षापासून केंद्रात नियम झाला. चाचणीच्या दिवशी मुलाची आई किंवा बाप नाव नोंदवत असताना स्वागतकक्षातली मुलगी वय काढून चिठ्ठी पाकिटात घालते. बाई चाचणीनंतर आपलं काढतात. मग पाकीट उघडायचं. पहिल्या तीन महिन्यांत दोनदा जुळलं नाही. एकदा त्या मुलीची चूक होती, एकदा बाईंची. बाईंची चूक सापडली तेव्हा ती मुलगी इतकी खूश झाली की तिनं सगळ्या मजल्याला सांगितलं. बाईंनी तिला सांगू दिलं.

आजोबांचा फोन पहिली सहामाही संपल्यावर आला. बाई तेव्हा एका मुलाच्या आईशी बोलत होत्या, म्हणून त्यांनी नंतर उलट फोन केला.

"काय म्हणाल्या मुख्याध्यापिका?"

"ठेवतायत. वाचनात मागे आहे. गणितात मधोमध आहे. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून घेतात. परवा वर्गातली सगळी मुलं खेळायला गेली तरी ही पान पुरं करत बसली होती, तर वर्गाच्या बाईंनी दिवा बंद केला आणि हिनं उठून परत लावला."

"रागावल्या का?"

"रागावल्या. पण पान पुरं करू दिलं. तिच्या आईनं काल पहिल्यांदा शाळेत जाऊन स्वतः विचारलं. काय येतं, काय येत नाही, का येत नाही. तासभर बसली होती. आता दर महिन्याला जाणार म्हणते."

"जाऊ दे तिला," बाई म्हणाल्या. "आणि मुंगीला सांगा, सुट्टीत आली तर नवीन ठोकळे आलेत. वेळ लावणार नाही, नुसतं खेळायला."

"सांगतो. पण ती विचारेल, कुठल्या तारखेला."

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि तारीख सांगितली. आजोबांनी ती लिहून घेतली, आणि बरोबर लिहिली आहे ना, म्हणून परत वाचून दाखवली.